२४:०० आणि ००:०० : वेळापत्रकात एकच क्षण की दोन?

रात्रपाळी

आमच्या वीज उपकेंद्रातील एका वाहिनीच्या देखभालीसाठी आउटेजचे, म्हणजे ती वाहिनी बंद ठेवण्याचे, वेळापत्रक आले. त्यात कालावधी "दि. १४, ०६:०० ते दि. १४, ००:००" असा लिहिला आहे. सहकारी म्हणतात की ००:०० आणि २४:०० एकच, वाचणाऱ्याला कळते. मला मात्र वाटते की १४ तारखेचे ००:०० काम सुरू होण्याच्या सहा तास आधीच होऊन गेलेले असते. या दोन नोंदी एकाच क्षणाच्या मानाव्यात का, आणि मानायच्या नसतील तर कोणती कुठे लिहावी?

सरळरेषा

एकच क्षण आहे, आणि यात वाद घालण्यासारखे मला काही दिसत नाही. रात्री २३:५९ नंतर जो पुढचा मिनिट उजाडतो त्याला कोणी २४:०० म्हणो की ००:०० म्हणो, क्षण तोच राहतो. कोणत्याही अंकी घड्याळावर २४:०० हा आकडा उमटत नाही. घड्याळ २३:५९ वरून सरळ ००:०० वर जाते, म्हणजे २४:०० ही केवळ कागदावरची सवय आहे. आपल्या उदाहरणात काम सकाळी सहा वाजता सुरू होते असे स्पष्ट दिलेले आहे, त्यामुळे शेवटचे ००:०० त्यानंतरचेच असणार हे कोणताही जबाबदार माणूस समजून घेईल. सुरू होण्यापूर्वी संपणारे काम कोणी करत नाही.

वीजवेळ

सरळरेषा यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि जे अर्धे सुटले आहे तिथेच अपघात होतात. १४ तारखेचे २४:०० आणि १५ तारखेचे ००:०० हा निःसंशय एकच क्षण आहे. पण १४ तारखेचे २४:०० आणि १४ तारखेचे ००:०० यांच्यात पूर्ण एक दिवस आहे. नुसत्या घड्याळाला तारीख नसते म्हणून तिथे दोन्ही एक वाटतात. वेळापत्रकात मात्र प्रत्येक वेळेच्या शेजारी तारीख असते, आणि तारीख आली की ही दोन चिन्हे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

"वाचणाऱ्याला समजते" हा आधार किती टिकतो ते पाहण्यासाठी आपलेच उदाहरण थोडे बदलून पाहावे. समजा आउटेज सकाळी सहाऐवजी मध्यरात्रीपासूनच सुरू होणार आहे आणि दिवसभर चालणार आहे. आता सहकाऱ्यांच्या पद्धतीने ते "दि. १४, ००:०० ते दि. १४, ००:००" असे लिहिले जाईल. हा आउटेज शून्य मिनिटांचा आहे की चोवीस तासांचा? येथे वाचणाऱ्याच्या समजुतीला धरायला काहीच उरत नाही. "दि. १४, ००:०० ते दि. १४, २४:००" असे लिहिले की शंका संपते. एका दिवसाला दोन टोके आहेत आणि दोन्ही टोके मध्यरात्रीच आहेत. त्यांतले कोणते टोक हवे आहे हे सांगण्यासाठीच दोन वेगळी चिन्हे आहेत.

मी बरीच वर्षे विजेच्या शेड्यूलिंगचे काम केले आहे, आणि आपल्या क्षेत्रात याचा निकाल नियमानेच लावलेला आहे. भारतीय वीज ग्रिड संहितेनुसार दिवस ००:०० वाजता सुरू होतो आणि २४:०० वाजता संपतो. त्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ कालखंड पाडलेले असतात. पहिला कालखंड ००:०० ते ००:१५ आणि शहाण्णवावा २३:४५ ते २४:०० असा लिहिला जातो. वीज केंद्राने किती मेगावॉट द्यायचे आणि वितरण कंपनीने किती घ्यायचे, हे याच ९६ ओळींत ठरते. शेवटच्या ओळीत २३:४५ ते ००:०० असे लिहिले तर ती ओळ कोणत्या दिवसाची हे शोधायला पुन्हा वरचा मथळा पाहावा लागेल. २४:०० लिहिल्यामुळे ती ओळ स्वतःच आपला दिवस सांगते.

नाशिककर

हा प्रश्न माझ्या घरात घडलेला आहे म्हणून लिहिते. आमच्या आत्यांच्या तिकिटावर १४ तारीख आणि गाडी सुटण्याची वेळ ००:२० अशी होती. त्या १४ तारखेला रात्रीचे जेवण आटोपून साडेअकराला स्थानकावर पोहोचल्या, तेव्हा त्यांची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली होती. तिकिटावर २४:२० असे छापले असते तर ही वेळ आली नसती. सामान्य माणसासाठी रात्र म्हणजे त्याच दिवसाची रात्र असते. म्हणून माझे मत असे आहे की रेल्वेने मध्यरात्रीनंतरच्या सगळ्या गाड्या आदल्या दिवसाच्या तारखेला, २४ च्या पुढे मोजून दाखवाव्यात.

निवृत्त कंट्रोलर

ताई, आपल्या आत्यांना झालेला त्रास खरा आहे आणि असे प्रवासी मी फलाटावर अनेकदा पाहिले आहेत. परंतु तो त्रास २४:०० आणि ००:०० यांच्या घोळाचा नाही. ००:२० ही वेळ पूर्णपणे स्पष्ट आहे: १४ तारीख सुरू होऊन वीस मिनिटे झालेली असताना. तिकिटावरची तारीख ही आपण जिथे चढता त्या स्थानकावरून गाडी सुटण्याची तारीख असते, गाडी तिच्या मूळ स्थानकावरून निघाली ती तारीख नव्हे. एखादी गाडी १३ तारखेला संध्याकाळी मुंबईहून निघाली आणि पुढच्या स्थानकावर ००:२० ला सुटली, तर मुंबईत चढणाऱ्याच्या तिकिटावर १३ आणि त्या स्थानकावर चढणाऱ्याच्या तिकिटावर १४ असते. एकाच डब्यात शेजारी बसलेल्या दोघांच्या तारखा वेगळ्या असू शकतात.

आपली सूचना अव्यवहार्य आहे असेही मी म्हणणार नाही, पण तिच्यामुळे प्रश्न फक्त पुढे सरकतो. २४:२० ला आदल्या दिवसाची गाडी म्हणायचे तर २७:४० चे काय? त्या गाडीसाठी पहाटे अडीचला उठून, आंघोळ करून स्थानकावर येणारा माणूस नव्या दिवसात आलेला असतो. रेघ कुठेतरी ओढावीच लागते, आणि भारतीय रेल्वेच्या सामान्य नियमांनी गाड्यांचे चलन प्रमाण वेळेवर, चोवीस तासांच्या घड्याळाने चालवायचे असे ठरवलेले आहे.

मूळ प्रश्नाबद्दल माझे मत वीजवेळ यांच्या जवळचे आहे. आम्ही कंट्रोलमध्ये ज्या चार्टवर गाड्यांच्या रेषा ओढत असू, त्यावर आडवी वेळ आणि उभी स्थानके असत. कागदाची डावी कड म्हणजे शून्य तास आणि उजवी कड म्हणजे चोवीस तास. मध्यरात्री दोन स्थानकांच्या मधोमध असलेल्या गाडीची रेषा उजव्या कडेवर जिथे संपे, बरोबर त्याच उंचीवर ती दुसऱ्या दिवसाच्या कागदाच्या डाव्या कडेवर सुरू करावी लागे. क्षण एकच, पण कागद दोन. हे विसरून कोणी गाडीची रेषा त्याच कागदाच्या डाव्या कडेला चिकटवली असती, तर ती गाडी चोवीस तास आधीच धावून गेल्याचे दिसले असते.

नाशिककर

कंट्रोलर साहेब, दोन तारखांबद्दल सांगितलेले समजले आणि पटले. तरीही तिकिटावर तारखेबरोबर "१३ च्या रात्रीनंतर" असा एक शब्दप्रयोग छापायला कोणाची हरकत असावी असे मला वाटत नाही. आकडे बरोबर असणे आणि ते थकलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता नीट वाचता येणे या दोन गोष्टी आहेत.

संगणकवाटा

मी संगणक प्रणाली तयार करतो, आणि या व्यवसायाच्या अनुभवातून सांगतो की २४:०० हे चिन्ह वापरातून काढून टाकलेलेच बरे. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळेच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाच्या २०१९ च्या आवृत्तीने ते रद्दच केले आहे. कारण साधे आहे: एका क्षणाला एकच नाव असावे. दोन नावे ठेवली की तुलना करताना दोन्ही तपासावी लागतात, क्रमवारी लावताना एकाच क्षणाच्या दोन नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन बसतात, आणि कित्येक प्रणाली तासाच्या रकान्यात ० ते २३ यांखेरीज दुसरा आकडा स्वीकारतच नाहीत. रात्रपाळी यांनी शेवट "दि. १५, ००:००" असा लिहावा, त्यात संदिग्ध काही नाही. ज्यांना तारीख बदललेली नको असेल त्यांनी २३:५९ लिहावे. विमान वाहतुकीत वैमानिकांना दिल्या जाणाऱ्या सूचनांमध्ये दिवसाची सुरुवात ०००० आणि शेवट २३५९ असाच लिहायचा आणि २४०० वापरायचे नाही, असा स्पष्ट नियम आहे. जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे हा निर्णय झालेला आहे.

वीजवेळ

प्रमाणकाबद्दलची आपली माहिती एका टप्प्यावर थांबलेली आहे. २०१९ च्या आवृत्तीने २४:०० वगळले हे खरे, परंतु २०२२ च्या दुरुस्तीने ते दिवसाच्या शेवटासाठी पुन्हा स्वीकारले. आणि विमान वाहतुकीचेच उदाहरण घ्यायचे तर त्याच विमानतळांसाठी दिला जाणारा हवामानाचा अंदाज पाहावा. त्याचा वैधता कालावधी मध्यरात्री सुरू होत असेल तर तास ०० लिहितात आणि मध्यरात्री संपत असेल तर २४ लिहितात. एकाच क्षेत्रात, एकाच वैमानिकाच्या हातात दोन वेगळे संकेत आहेत, त्यामुळे तिथे हा प्रश्न एकदाचा सुटला आहे असे म्हणता येत नाही.

२३:५९ ला माझा विरोध मात्र ठाम आहे. सूचनेच्या कागदावर तो एक मिनिट कदाचित कोणाला खुपणार नाही, कारण तिथे कोणी त्या मिनिटाची बेरीज करत नाही. मोजमापाच्या वेळापत्रकात तो मिनिट कोणाचा, हे सांगावे लागते. ६० मेगावॉटचा पुरवठा एक मिनिट चालला तर एक मेगावॉट-तास, म्हणजे १,००० युनिट होतात. आउटेज २३:५९ ला संपतो आणि पुढचे शेड्यूल ००:०० ला सुरू होते असे लिहिले, तर मधल्या मिनिटाला वाहिनी बंद होती की चालू, याचे उत्तर कागदावर कुठेच नसते. दोन कालखंड एकमेकांना चिकटून असतील तर एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात हा एकच क्षण असला पाहिजे, आणि तो क्षण दुसऱ्या कालखंडात मोजला गेला पाहिजे. ही शिस्त पाळली की ९६ कालखंडांची बेरीज बरोबर चोवीस तास होते. २३:५९ ने ती कधीच होत नाही.

"दि. १५, ००:००" ला माझी तात्त्विक हरकत नाही. व्यवहारातली हरकत आहे. आउटेजच्या मंजुरीच्या यादीत अशी नोंद आली की यादी तयार करणारा कारकून ती १४ आणि १५ अशा दोन्ही दिवसांखाली टाकतो, कारण त्याला दोन तारखा दिसतात. १५ तारखेच्या पहिल्या पाळीतला माणूस मग वाहिनी आजही बंद आहे असे समजून बसतो.

संगणकवाटा

२०२२ च्या दुरुस्तीबद्दल आपण सांगितलेत ते योग्य आहे. तरीही प्रमाणकाने परवानगी दिली म्हणून प्रत्येक प्रणाली ते स्वीकारते असे होत नाही. इंटरनेटवरील देवाणघेवाणीसाठी आरएफसी ३३३९ हा जो संकेत सर्रास वापरला जातो, त्यात तास ०० ते २३ इतकेच आहेत. आपल्या खात्याच्या संकेतस्थळावर २४:०० भरले आणि प्रणालीने ते नाकारले, तर ती निदान चूक दाखवते. खरा धोका अशा ठिकाणी आहे जिथे ते मुकाट्याने स्वीकारले जाते आणि बदलले जाते. एक्सेलमध्ये एका चौकोनात २४:०० भरावे आणि त्याचे स्वरूप `hh:mm` ठेवावे. चौकोनात ००:०० दिसू लागते. आत साठवलेली किंमत मात्र १ असते, म्हणजे पूर्ण एक दिवस. पाहणाऱ्याला दिसते एक आणि गणित होते दुसऱ्याचे.

वीजवेळ

एक्सेलचा मुद्दा आपण आणलात हे चांगले झाले, कारण नेमके तेच उदाहरण माझ्या बाजूचे आहे. रात्रपाळी यांच्या उपकेंद्रात आउटेजचे तास काढण्यासाठी बहुधा असाच तक्ता असेल, म्हणून तो पूर्ण मांडतो.

सुरुवात `A2` मध्ये, शेवट `B2` मध्ये आणि कालावधीसाठी `=B2-A2` असे सूत्र आहे असे समजू. सुरुवात ०६:०० आणि शेवट ००:०० भरला तर उत्तर उणे सहा तास येते, आणि वेळेच्या स्वरूपात उणे उत्तर दाखवता येत नसल्याने चौकोन भरून `#####` दिसते. शेवट २४:०० भरला तर उत्तर १८ तास येते, म्हणजे बरोबर. स्वरूप `[h]:mm` ठेवले की चौकोनातही २४:०० असेच दिसते, त्यामुळे आपण म्हणता तो दिसण्या-असण्यातला फरक राहत नाही.

आता `#####` टाळण्यासाठी अनेक जण एक युक्ती करतात:

```
=MOD(B2-A2,1)
```

यामुळे ०६:०० ते ००:०० चे उत्तर १८ तास येते आणि सगळे ठीक झाल्यासारखे वाटते. परंतु ज्या दिवशी आउटेज ००:०० ते २४:०० असा पूर्ण दिवसाचा असतो, त्या दिवशी हेच सूत्र शून्य दाखवते, कारण एक पूर्ण दिवस भागून बाकी काहीच उरत नाही. म्हणजे सर्वांत मोठा आउटेज महिन्याच्या बेरजेतून नाहीसा होतो आणि कुठेही `#####` दिसत नाही. महिन्याअखेरीस ज्या दिवसाचा कालावधी शून्य आहे पण परमिट मात्र दिलेले आहे, असा दिवस शोधावा; ही चूक ओळखण्याचा दुसरा सोपा मार्ग मला माहीत नाही. ००:०० आणि २४:०० एकच आहेत हे गृहीत त्या सूत्रात लपलेले असते, आणि नेमके तेच त्या दिवशी खोटे ठरते.

पंचांगप्रेमी

चर्चा वीज आणि रेल्वेपुरती चालली आहे, म्हणून एका जुन्या वेळापत्रकाची आठवण करून द्यावीशी वाटते. आपल्याकडे पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असतो. त्यामुळे काही पंचांगांत एखादी तिथी मध्यरात्रीनंतर एक वाजून चाळीस मिनिटांनी संपत असेल तर ती २५:४० अशी देतात आणि तो वार बदलत नाहीत. एकादशीचा उपवास, प्रदोष, चंद्रोदय हे सगळे त्या हिशेबाने पाहिले जाते. तिथे २४:०० ही दिवसाची शेवटची वेळ नसून वाटेतले एक ठिकाण आहे, आणि ००:०० ला जागाच नाही. तेव्हा नाशिककर ताईंची सूचना चमत्कारिक नाही. ती आपल्या घरातल्या भिंतीवर आधीपासून आहे.

संगणकवाटा

हे वाचून आनंद झाला, कारण शहरी बसगाड्यांची आणि मेट्रोची वेळापत्रके देण्यासाठी जगभर वापरला जाणारा जीटीएफएस हा संकेत अगदी हेच करतो. रात्री दीड वाजता सुटणारी, पण आदल्या दिवसाच्या सेवेत मोडणारी बस तिथे `25:30:00` अशी लिहितात. सेवेचा दिवस आणि पंचांगाचा वार या दोन्हींना मध्यरात्रीशी देणेघेणे नाही. मात्र यामुळे माझा मूळ मुद्दा सुटत नाही: त्या पद्धतीत सोमवारच्या सेवेतले `24:00:00` आणि मंगळवारच्या सेवेतले `00:00:00` हे घड्याळावर एकाच वेळी असले तरी त्या दोन वेगळ्या फेऱ्या असतात, आणि तारखेवरून शोधणारा प्रवासी त्यांतली एक हमखास चुकवतो.

दूरदेशी

मी परदेशात विमानांच्या वेळापत्रकांवर काम करतो. वीजवेळ यांच्या एका विधानाबद्दल शंका आहे. "१४ चे २४:०० आणि १५ चे ००:०० निःसंशय एकच" हे भारतात खरे आहे, सर्वत्र नाही. ब्राझीलच्या साओ पावलोत ४ नोव्हेंबर २०१८ रोजी उन्हाळी वेळ लागू झाली ती मध्यरात्रीच. ३ तारखेचे २३:५९:५९ झाल्यावर घड्याळे ४ तारखेच्या ०१:०० वर गेली. त्या दिवशी ००:०० ही स्थानिक वेळ आलीच नाही. ३ तारखेचा दिवस मात्र संपला, म्हणजे त्याचे २४:०० होतेच असे म्हणावे लागते. ज्या प्रणालींनी दिवसाची सुरुवात ००:०० धरली होती त्या अशा दिवशी अडखळतात. मग ३ चे २४:०० हे ४ च्या कोणत्या वेळेबरोबर मानायचे?

वीजवेळ

माझ्या विधानाला आपण योग्य मर्यादा घातलीत. दिवसाचा शेवट हा नेहमीच असतो, दिवसाची सुरुवात ००:०० लाच होते असे मात्र नाही, हे आपल्या उदाहरणावरून दिसते. मी ३ चे २४:०० हे ४ च्या ०१:०० बरोबर मानेन, परंतु तसे लिहिलेला नियम माझ्या पाहण्यात नाही. भारतात घड्याळे मागेपुढे होत नसल्याने आउटेजच्या कागदाला याची बाधा नाही.

सरळरेषा

पूर्ण दिवसाच्या आउटेजचे उदाहरण मला मान्य आहे. तिथे दोन चिन्हे हवीत. तरी एक गोष्ट मी सोडणार नाही. वीजवेळ २४:०० कडे सर्वत्र वळू पाहत आहेत, ते मला चुकीचे वाटते. ब्रेकर रात्री बरोबर बारा वाजता चालू केला, तर त्या घटनेची वेळ काय लिहाल? रिलेच्या किंवा स्काडाच्या घटना-नोंदीत २४:०० कधीही छापून येत नाही. तिथे १५ तारीख आणि ००:०० येते. यंत्राने एक लिहायचे आणि माणसाने दुसरे, तर बिघाडानंतर नोंदी ताडून पाहणाऱ्याने काय करावे?

वीजवेळ

या मुद्द्यावर आपण पूर्णपणे बरोबर आहात, आणि मला वाटते की रात्रपाळी यांच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर यातच आहे. घडलेल्या घटनेला शेवट नसतो, ती एका क्षणी घडते, आणि तो क्षण ज्या दिवशी उजाडला त्या दिवसाच्या नावे जातो. म्हणून ब्रेकर चालू केल्याची नोंद, फोनवर मिळालेल्या संदेशाची वेळ, परमिट परत केल्याची वेळ या सगळ्यांना १५ तारखेचे ००:०० लिहावे. कालावधीला मात्र शेवट असतो, आणि तो शेवट ज्या दिवसाचा आहे त्या दिवसाचे २४:०० लिहावे. जर्मन भाषिक देशांतील रेल्वे वेळापत्रकांत मध्यरात्री पोहोचणारी गाडी २४:०० ला आली आणि मध्यरात्री निघणारी ०:०० ला सुटली असे दाखवण्याची जी पद्धत आहे, तिच्यामागेही हाच विचार आहे: येणे हा त्या दिवसाच्या प्रवासाचा शेवट, निघणे ही नव्याची सुरुवात.

एक अपवाद आपल्या हाताखालीच आहे. उपकेंद्राच्या लॉगशीटवर पहिली ओळ ००:०० ची आणि शेवटची २४:०० ची असते, आणि मीटरचे तेच वाचन दोन्ही कागदांवर उतरवले जाते. समजा १४ तारखेच्या ००:०० च्या ओळीत ४८,२१३.६ आणि २४:०० च्या ओळीत ४८,२६१.९ आहे. फरक ४८.३, मीटरचा गुणक १,००० असेल तर दिवसाची वीज ४८,३०० युनिट. उद्याचा कागद न उघडता आजचा हिशेब आजच्याच कागदावर पूर्ण व्हावा, एवढ्यासाठी ते वाचन दोनदा लिहायचे. हे दोन आकडे कधी जुळले नाहीत, म्हणजे १४ च्या शेवटच्या ओळीत एक आणि १५ च्या पहिल्या ओळीत दुसरे दिसले, तर कोणीतरी मध्यरात्रीचे वाचन दोनदा, वेगवेगळ्या वेळी घेतलेले आहे. पाळी बदलणाऱ्या ठिकाणी ही तपासणी रोज करावी.

निवृत्त कंट्रोलर

एक भर घालतो. दोन्ही बाजूंच्या लोकांना मान्य होईल अशी एक जोडनोंद आम्ही वापरत असू: रेषेच्या शेजारी एकूण अवधी लिहायचा. "दि. १४, ०६:०० ते दि. १४, २४:००, एकूण १८ तास." कोणी शेवट ००:०० लिहिला असेल किंवा तारीख एकने चुकली असेल, तर १८ हा आकडा जुळत नाही आणि चूक परमिट देण्यापूर्वीच पकडली जाते.

रात्रपाळी

सर्वांचा आभारी आहे. आलेले वेळापत्रक मी मान्य केलेले नाही, ते "दि. १४, ०६:०० ते दि. १४, २४:००, एकूण १८ तास" असे दुरुस्त करून पाठवण्यास कळवले आहे. परमिट परत केल्याची आणि ब्रेकर चालू केल्याची वेळ घटना-नोंदीप्रमाणेच लिहू. तक्त्यातले `MOD` चे सूत्र आमच्याकडे खरोखरच आहे, आणि गेल्या महिन्याच्या यादीत एका पूर्ण दिवसाच्या आउटेजसमोर शून्य तास दिसत आहेत.

एक अडचण उरते. ज्या संकेतस्थळावर मागणी नोंदवायची तिथे तासाचा रकाना २३ च्या पुढे जात नाही. तिथे मी "दि. १५, ००:००" भरावे की २३:५९?

संगणकवाटा

"दि. १५, ००:००" भरावे, आणि शेऱ्याच्या रकान्यात १८ तास लिहावे. २३:५९ बद्दल वीजवेळ यांनी मांडलेला मिनिटाचा हिशेब मला पटला आहे.

वीजवेळ

शेऱ्यात १८ तासांबरोबर "दि. १४ अखेर" असेही लिहावे, नाहीतर १५ तारखेच्या यादीत ती वाहिनी पुन्हा दिसेल. संकेतस्थळाच्या रकान्यात २४ स्वीकारला जावा, अशी लेखी मागणी आपल्या कार्यालयाकडून जायला हवी. आपण ती कराल का?

संगणकवाटा

त्या मागणीला माझी सहमती नाही. रकाना २३ पर्यंतच ठेवून प्रणालीने छापील प्रतीत शेवटची वेळ २४:०० दाखवावी, हे अधिक सुरक्षित आहे.

वीजवेळ

भरलेले एक आणि छापलेले दुसरे, ही तर आपणच सांगितलेली एक्सेलची अडचण झाली.

निवृत्त कंट्रोलर

यावर आपण दोघांनी वेगळी चर्चा सुरू करावी. रात्रपाळी, १४ तारखेच्या कामासाठी उत्तर मिळालेले आहे. मागील महिन्याचे शून्य तास मात्र आधी दुरुस्त करून घ्या.